विश्लेषण : थ्रीडी प्रिंटरवर वस्तू उभी छापायची की आडवी?

भिंतीला लावायचा साधा हूक. फाइल तीच, फिलामेंट तेच, प्रिंटरही तोच. तरी एक हूक दप्तर अडकवताच बुडाशी कडकन तुटतो आणि दुसरा तेच दप्तर रोज सोसतो. दोघांत फरक इतकाच, की छापताना पहिला बेडवर उभा होता आणि दुसरा कुशीवर निजलेला. घरगुती थ्रीडी प्रिंटर घेतलेले बरेच जण नोझलचे तापमान, वेग, आतली जाळी यांच्या आकड्यांत रात्री घालवतात. वस्तू कोणत्या बाजूवर ठेवायची, हा प्रश्न मात्र ‘बसते ना बेडवर’ इतक्यावर निकालात निघतो. या एका निर्णयावर दोन गोष्टी ठरतात : सपोर्ट किती लागणार आणि वस्तू कोणत्या दिशेने मोडणार.

थरांचा जोड कमजोर का असतो?

घरगुती प्रिंटरमध्ये प्लास्टिकची तार तापलेल्या नोझलमधून वितळून बाहेर येते आणि एका पातळीवर रेघ मारल्यासारखी पसरते. एक थर पूर्ण झाला की नोझल साधारण ०.२ मिलिमीटर वर जाते आणि पुढचा थर सुरू होतो. पीएलए हे सर्वांत जास्त वापरले जाणारे प्लास्टिक सुमारे २०० ते २२० अंश सेल्सिअसला छापले जाते. नोझलमधून येणारी नवी रेघ गरम असते, पण तिच्याखालचा थर तोवर थंड होऊन घट्ट झालेला असतो. दोन थर एकजीव व्हायचे, तर सांध्यावरच्या प्लास्टिकच्या लांब साखळ्यांनी एकमेकींत शिरून गुंतायला हवे. त्यासाठी सांधा पीएलएच्या मऊ होण्याच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ६० अंशांपेक्षा, बराच गरम राहावा लागतो. तो तसा राहतो फार थोडा वेळ. पंखा सुरू असतो, रेघ बारीक असते, उष्णता भराभर निघून जाते. साखळ्या गुंततात, पण अर्धवट.

त्यात भर पडते ती आकाराची. प्रत्येक रेघेची कड गोलसर असते, त्यामुळे दोन थरांच्या मध्ये बाहेरच्या बाजूला बारीक खाच राहते. छापलेल्या वस्तूवर नख फिरवले की ती जाणवते. ताण आला की भेग याच खाचेतून आत शिरते आणि मग तिला थराच्या सपाट वाटेने सरळ पळता येते. खारी बिस्किट जसे पापुद्र्यांवर सुटते, तसेच हे. बांबू उभा चिरायला एक घाव पुरतो, आडवा तोडायला घाम निघतो. छापलेल्या वस्तूत ही ‘सोपी दिशा’ निसर्गाने नव्हे, तर ती बेडवर ठेवणाऱ्याने ठरवलेली असते.

रेघेच्या लांबीच्या दिशेने ओढले तर पीएलए चौरस मिलिमीटरला ५० न्यूटनच्या आसपास ताण सोसते. थर एकमेकांपासून उचकटण्याच्या दिशेने ओढले तर ही ताकद निम्म्यावर येऊ शकते, छपाई थंड किंवा घाईची असेल तर त्याहूनही खाली. दाबाला मात्र थरांचे वावडे नाही. थरांवर वरून दाब पडला तर ते आणखी घट्ट बसतात. प्रश्न येतो तो ओढीचा आणि वाकण्याचा, कारण वाकणाऱ्या वस्तूची एक बाजू नेहमी ताणली जात असते.

सपोर्ट नेमका कधी लागतो?

प्रिंटरला हवेत छापता येत नाही, हे खरे, पण थोडेसे बाहेर सरकून छापता येते. रेघ ०.४ मिलिमीटर रुंद आणि थर ०.२ मिलिमीटर उंच धरू. भिंत ४५ अंशांनी बाहेर झुकत असेल तर प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा ०.२ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे रेघेचा अर्धा भाग खालच्या थरावर टेकलेला, अर्धा अधांतरी. एवढ्यावर काम भागते. तीच भिंत उभ्या रेषेपासून ६० अंश झुकली तर सरक सुमारे ०.३५ मिलिमीटर होते आणि टेकायला ०.०५ मिलिमीटर उरते. रेघ खाली लोंबते, कड वर वळते आणि नोझल तिला धडकू लागते. ४५ अंशांचा प्रसिद्ध नियम इथून आला आहे. तो दगडावरची रेघ नाही. थर ०.१२ मिलिमीटरचा केला तर ६० अंशांनाही सरक ०.२ च्या जवळच राहते. छपाईला वेळ जास्त लागतो, इतकेच.

इथे एक सूचना. हा कोन सगळी स्लायसर सॉफ्टवेअर सारख्या पद्धतीने मोजत नाहीत. Cura मधला `Support Overhang Angle` उभ्या रेषेपासून मोजला जातो. तिथे आकडा वाढवला की सपोर्ट कमी होतो. PrusaSlicer आणि Bambu Studio मध्ये कोन आडव्या रेषेपासून धरतात. तिथे आकडा वाढवला की सपोर्ट वाढतो. व्हिडीओत ऐकलेले ‘साठ ठेवा’ दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये टाकले की उलटा परिणाम दिसतो, त्याचे कारण हे.

दोन्ही टोकांना आधार असेल तर मात्र नियम बदलतो. दोन खांबांवर दोरी ताणावी तशी रेघ हवेतून पलीकडे नेता येते. लहान अंतरावरचा असा ‘पूल’ सपोर्टशिवाय नीट छापला जातो. एका टोकाला आधार आणि दुसरे टोक हवेत, हा प्रकार अडचणीचा.

एक हूक, तीन बैठका

आता आपला हूक घेऊ. भिंतीला टेकणारी पट्टी ८० मिलिमीटर उंच, २० रुंद आणि ५ जाड. तिच्या खालच्या टोकापासून २० मिलिमीटर वर एक दांडा बाहेर येतो, ५० मिलिमीटर लांब आणि ८ जाड. दांड्याच्या टोकाला दप्तर घसरू नये म्हणून २० मिलिमीटरचे वर वळलेले नाक. दोन स्क्रू पट्टीच्या वरच्या भागात. सगळ्या भागांची रुंदी सारखीच, २० मिलिमीटर.

पहिली बैठक म्हणजे हूक भिंतीवर असेल तसाच उभा. डोळ्याला हे सहज वाटते, म्हणून नवखे लोक असेच ठेवतात. दांडा हवेत आडवा येतो, तेव्हा त्याच्याखाली ५० बाय २० मिलिमीटरचा, २० मिलिमीटर उंच सपोर्ट उभारावा लागतो. साधारण १५ टक्के दाटीचा धरला तर तीन-चार ग्रॅम प्लास्टिक वाया. त्यापेक्षा त्रासाची गोष्ट म्हणजे सपोर्ट काढल्यावर दांड्याची खालची बाजू खरखरीत आणि ओबडधोबड राहते. या बैठकीत दांडा स्वतः मजबूत असतो, कारण त्याच्या रेघा लांबीच्या दिशेने जातात. कमजोरी असते पट्टीत. दप्तर दांड्याला खाली खेचते, दांडा आणि पट्टी यांच्यातला आतला कोपरा उघडू पाहतो आणि पट्टी दांड्याच्या लगेच वर ताणली जाते, तीही थर उचकटण्याच्या दिशेने. हूक तुटतो तेव्हा स्क्रू आणि वरची पट्टी भिंतीवर राहते आणि दांड्यासकट खालचा भाग हातात येतो.

दुसरी बैठक म्हणजे पट्टी पाठीवर सपाट आणि दांडा खांबासारखा वर. ही सर्वांत फसवी. पट्टीचा मोठा पृष्ठभाग बेडला छान चिकटतो, स्क्रूची भोके अगदी गोल येतात, दांड्याला सपोर्ट लागत नाही. फक्त वरच्या नाकाला लागतो. दिसायला देखणी छपाई. पण दांड्याचे थर आता भिंतीला समांतर आहेत. पत्त्यांचा कॅट भिंतीला चिकटवून त्याच्या टोकाला दप्तर अडकवण्यासारखा हा प्रकार आहे. सगळा ताण थरांच्या सांध्यांवर, तोही बुडाशी, जिथे तो सर्वाधिक असतो.

तिसरी बैठक म्हणजे हूक कुशीवर. बाजूने पाहिल्यावर दिसणारी आकृती जशीच्या तशी बेडवर पसरलेली आणि उंची फक्त २० मिलिमीटर. सपोर्ट शून्य. रेघा पट्टीवरून वळून दांड्यात आणि दांड्यातून नाकात जातात, जणू हूक एकाच तारेतून वळवला आहे. ताणाची दिशा आणि रेघेची दिशा एकच.

हिशेब काय सांगतो?

पाच किलोचे दप्तर म्हणजे सुमारे ४९ न्यूटन. ते भिंतीच्या बाजूच्या कोपऱ्यापासून ४० मिलिमीटरवर लटकले तर बुडाशी वाकवणारा जोर होतो ४९ गुणिले ४०, म्हणजे १,९६० न्यूटन-मिलिमीटर. दांड्याचा छेद २० बाय ८ आहे. आयताकृती दांड्याची वाकण्याला विरोध करण्याची क्षमता काढायची तर रुंदीला जाडीच्या वर्गाने गुणायचे आणि सहाने भागायचे. २० गुणिले ६४ भागिले ६ म्हणजे सुमारे २१३. या आकड्याने १,९६० ला भागले की वरच्या पृष्ठभागावरचा ताण मिळतो, चौरस मिलिमीटरला सुमारे ९ न्यूटन.

नऊ हा आकडा तिन्ही बैठकांना झेपण्यासारखा दिसतो. पण दप्तर कोणी हळुवार ठेवत नाही. भार एकदम सोडला, तरी क्षणभर ताण दुप्पट होतो, म्हणजे १८. वरून आदळला तर त्याहून जास्त. आतला कोपरा काटकोनी आणि धारदार असेल तर ताण तिथे आणखी एकवटतो. दुसऱ्या बैठकीत थरांच्या सांध्याची ताकद २५ च्या आसपास किंवा खाली असेल, तर शिल्लक जवळपास काहीच नाही. तिसऱ्या बैठकीत समोर ५० उभे आहेत. म्हणून एक हूक रोजच्या धक्क्यांत टिकतो आणि दुसरा एखाद्या सोमवारी सकाळी जातो.

या हिशेबातला ‘जाडीचा वर्ग’ लक्षात ठेवण्याजोगा आहे. दांडा ८ ऐवजी ११ मिलिमीटर जाड केला तर ताण जवळपास निम्मा होतो. आतल्या कोपऱ्याला ५ मिलिमीटरची गोलाई दिली तर एकवटणारा ताण पसरतो. कुशीवरच्या छपाईत या दोन्ही सुधारणा सपोर्टशिवाय होतात, कारण त्या बेडच्या पातळीतल्याच आकृतीत घडतात. आतली जाळी शंभर टक्के भरण्याचा सोस मात्र फारसा उपयोगी नाही. वाकताना सर्वाधिक ताण पृष्ठभागावर असतो, मध्यभागी जवळजवळ नसतोच. म्हणून बाहेरच्या भिंतींच्या रेघा दोनऐवजी चार कराव्यात. प्रत्येकी ०.४ मिलिमीटर धरल्या तर दोन्ही बाजूंच्या मिळून ३.२ मिलिमीटर सलग प्लास्टिक नेमके हव्या त्या जागी बसते.

कुशीवर छापण्यात तोटा काहीच नाही?

आहे, पण किरकोळ. स्क्रूची भोके आता आडवी होतात आणि त्यांचा वरचा भाग छोट्या कमानीसारखा हवेत छापला जातो. चार-साडेचार मिलिमीटरच्या भोकाला सपोर्ट लागत नाही, फक्त वरची बाजू किंचित लोंबते आणि स्क्रू अडतो. त्याच मापाचा ड्रिल बिट हाताने फिरवला की भोक साफ होते. डिझाइन आपलेच असेल तर भोकाला वरून टोक देऊन पाण्याच्या थेंबाचा आकार द्यावा. टोकाच्या दोन्ही कडा ४५ अंशांत येतात, लोंबण्याचा प्रश्नच मिटतो.

दुसरी अडचण गोल दांड्याची. हुकाचा दांडा चौकोनी नसून १२ मिलिमीटर व्यासाचा गोल असेल तर तो कुशीवर एका रेषेवरच टेकतो. पहिलेच थर बाहेर झुकतात, चिकटत नाहीत, खाली सपोर्ट मागतात. इलाज सोपा आहे. दांड्याची खालची बाजू १.७५ मिलिमीटर कापून सपाट करायची. बेडवर साडेआठ मिलिमीटर रुंद बैठक मिळते आणि तिथून वर जाणारी गोलाई बरोबर ४५ अंशांपासून सुरू होते, म्हणजे सपोर्टची गरज संपते. हा कापलेला भाग भिंतीवर हुकाच्या बाजूला येतो. कोणी मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसत नाही. बहुतेक स्लायसरमध्ये वस्तू बेडच्या पातळीखाली ढकलली की तेवढा भाग छापलाच जात नाही, त्यामुळे डिझाइनची फाइल उघडण्याचीही गरज पडत नाही.

‘ऑटो ओरिएंट’वर विसंबावे का?

वस्तू आपोआप ठेवून देणारे बटण आता अनेक स्लायसरमध्ये आहे. ते प्रामुख्याने आकार पाहते : अधांतरी भाग किती, बेडला टेकणारे क्षेत्र किती, उंची किती. दप्तर कुठे लटकणार हे फाइलमध्ये लिहिलेले नसते, म्हणून ते त्याला कळायचा मार्गच नाही. आपल्या हुकाचे नाक काढून टाका आणि पट्टीतून बाहेर येणारी नुसती सरळ खुंटी समोर धरा. पट्टी पाठीवर ठेवली तर बेडला १,६०० चौरस मिलिमीटर टेकतात. कुशीवर ठेवली तर पट्टीचे ४०० आणि खुंटीचे ४०० मिळून ८००. सपोर्ट दोन्हीकडे शून्य. केवळ आकार पाहणाऱ्याला दुप्पट बैठकीची पहिली बाजूच बरी वाटणार, आणि ताकदीच्या दृष्टीने तीच चुकीची. खेळणी, शोभेच्या मूर्ती, पेनस्टँड यांना हे बटण उत्तम आहे. जिथे भार आहे तिथे बाजू आपण निवडावी. PrusaSlicer मध्ये `Place on face` आणि Bambu Studio मध्ये `Lay on face` हे त्यासाठीचे साधन. ते निवडून जी बाजू खाली हवी तिच्यावर क्लिक केले की वस्तू त्या बाजूवर बसते.

त्यानंतर छपाईचे बटण दाबण्याआधी प्रीव्ह्यू उघडावा. तिथे प्रत्येक थराच्या रेघा दिसतात. वस्तू वापरात कुठे ताणली जाणार, तिथे बोट ठेवून पाहायचे : रेघा त्या ओढीच्या दिशेने जात आहेत की तिला आडव्या छेदत आहेत? छेदत असतील तर वस्तू फिरवा.

एकच बैठक पुरत नसेल तर?

सगळ्या वस्तू हुकाइतक्या सरळ नसतात. समजा, पट्टीऐवजी नक्षीची रुंद पाटी आहे आणि तिच्यातून तीन खुंट्या बाहेर येतात. पाटी पाठीवर सपाट छापली तरच नक्षी नीट येते, खुंट्या आडव्या छापल्या तरच टिकतात. मधला मार्ग म्हणून काही जण अख्खी वस्तू ४५ अंशांत तिरकी ठेवतात. थर मग दोन्ही भागांना तिरके छेदतात, कोणताच भाग अगदी कमजोर राहत नाही, पण कोणताच पूर्ण मजबूतही होत नाही आणि खाली सपोर्टचे जंगल उभे राहते. भार हलका असेल तेव्हाच हा सौदा परवडतो.

त्यापेक्षा वस्तूचे तुकडे करणे बरे. पाटीत चौकोनी भोके ठेवायची आणि खुंट्या वेगळ्या, आडव्या छापायच्या. खुंटीच्या मागच्या टोकाला भोकापेक्षा मोठी टोपी द्यायची आणि ती पाटीच्या मागून घालायची. पाटी भिंतीला लागली की भिंतच टोपीला मागे सरकू देत नाही आणि ओढ लागली तरी टोपी भोकातून पुढे येत नाही. गोंद फक्त खडखड थांबवण्यापुरता. भोक खुंटीपेक्षा प्रत्येक बाजूला ०.२ मिलिमीटर मोठे ठेवले की बहुतेक प्रिंटरवर ती हाताने बसते. बारकावा एकच : टोपी चारही बाजूंनी बाहेर काढली तर आडवी खुंटी बेडपासून अधांतरी राहील आणि पुन्हा सपोर्ट लागेल. म्हणून टोपी तीनच बाजूंनी काढायची. चौथी बाजू खुंटीच्या सपाटीत ठेवून ती बेडवर टेकवायची.

जिथे तुकडे करणे शक्य नाही आणि खांब उभाच छापावा लागतो, तिथे त्याच्या मधून आरपार भोक ठेवून लांब लोखंडी बोल्ट घालतात आणि नट आवळतात. बोल्ट सगळ्या थरांना कायम दाबून धरतो. ओढ आली की आधी तो दाब कमी होतो, सांध्यांपर्यंत ओढ पोहोचते ती त्यानंतर.

तुटलेल्या तुकड्यावरून काय कळते?

तुटलेला भाग फेकण्याआधी उजेडात धरून पाहावा. तुटलेली जागा सपाट, गुळगुळीत असेल आणि तिच्यावर छपाईच्या समांतर रेघा स्वच्छ दिसत असतील, तर प्लास्टिक तुटलेले नाही, थर सुटले आहेत. अशा वेळी जाडी वाढवण्याआधी बैठक बदलावी. ती बदलणे अशक्य असेल तर नोझल पाच-दहा अंशांनी वाढवून आणि पंखा कमी करून सांधा थोडा सुधारतो, पण पंखा कमी झाला की झुकलेले भाग अधिक लोंबतात. तुटलेली जागा वेडीवाकडी, दातेरी, रेघा मधूनच फाटलेल्या आणि कडेला पांढुरकी झालेली असेल, तर बैठक बरोबर होती. तिथे भारच जास्त झाला, दांडा जाड हवा. आणि हूक तुटला नाही, नुसता हळूहळू खाली वाकत गेला, तर त्याचा थरांशी संबंध नाही. पीएलए सतत भाराखाली सावकाश ढिले पडते आणि ६० अंशांच्या जवळ मऊ होते. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत किंवा तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावायचा हूक कोणत्याही कुशीवर छापला तरी पीएलएमध्ये टिकणार नाही. तिथे एएसए किंवा एबीएस लागेल आणि तेही कुशीवरच छापावे लागेल. एबीएसचे थर तर थंड हवेच्या झुळकीनेही छपाई चालू असतानाच फाटतात, म्हणून ते बंद पेटीच्या प्रिंटरमध्ये छापतात.